अंतिम मुलाखतीनंतर निवड न झालेल्या उमेदवाराला पाठवायचा ईमेल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावी मुख्य कार्यालय असलेल्या नागरी सहकारी पतसंस्थांच्या भरतीचा पत्रव्यवहार मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. या संस्थांचे पत्र मराठीत जाते आणि ज्याला ते जाते तो उमेदवार बहुधा ओळखीच्यांपैकीच कोणाचा तरी नातेवाईक असतो. त्यामुळे नकाराचे पत्र लिहायची वेळ आली की चांगल्या अनुभवी माणसाचाही हात अडखळतो. पुढील उत्तरांत सोयीसाठी एकच प्रसंग धरला आहे. शाखा व्यवस्थापकाचे एक पद आहे. छाननी, लेखी चाचणी आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांसमोरील मुलाखत झाल्यावर तीन उमेदवार संचालकांच्या निवड समितीसमोर अंतिम मुलाखतीला आले. त्यांपैकी एकाची निवड झाली असून उरलेल्या दोघांना कळवायचे आहे.

छाननीत वगळलेल्यांना जातो तोच मजकूर या दोघांना पाठवला तर काय बिघडते?

छाननीत वगळलेल्या उमेदवाराने संस्थेला एक अर्ज दिलेला असतो. अंतिम फेरीतल्या उमेदवाराने तीन वेळा रजा टाकलेली असते, एसटीने किंवा स्वतःच्या गाडीने येऊन बाहेरच्या बाकावर वाट पाहिलेली असते आणि आपण सांगितल्यावरून शाखेच्या थकीत कर्जांच्या वसुलीवर दोन पानांचे टिपणही लिहून आणलेले असते. अशा माणसाला ‘आपल्या अर्जाचा विचार होऊ शकला नाही’ हे वाक्य गेले, तर ते असभ्य तर असतेच, शिवाय ते खोटेही असते, कारण त्याच्या अर्जाचा विचार झालेला असतो आणि तो संचालकांच्या टेबलापर्यंत झालेला असतो. वादाची पहिली ठिणगी बहुतेकदा येथेच पडते, कारण पत्रातली एक गोष्ट उघडपणे चुकीची दिसली की वाचणारा उरलेल्या निर्णयाकडेही त्याच संशयाने पाहू लागतो.

याच कारणाने ‘अपात्र’ हा शब्द या पत्रात कोठेही येऊ देऊ नये. अंतिम फेरीत आलेला उमेदवार पात्र ठरवूनच तेथे आणलेला असतो, पद एक असल्यामुळे त्याची निवड झालेली नसते, आणि पात्रता व निवड या दोन गोष्टींत गल्लत करणारे पत्र संस्थेच्याच छाननीला खोटे पाडते.

पत्र किती मोठे असावे, आणि त्यात नेमके काय असावे?

माझ्या मते चार वाक्ये पुरतात, पाचवे लिहायचे तर त्याला ठोस काम असले पाहिजे. प्रथम एका कार्यालयात तयार झालेला मसुदा पाहू. तो वाईट हेतूने लिहिलेला नव्हता, उलट लिहिणाऱ्याने उमेदवाराला वाईट वाटू नये म्हणून बरीच मेहनत घेतली होती.

> विषय : आपल्या अर्जाबाबत
>
> महोदय,
>
> आपली मुलाखत अत्यंत प्रभावी झाली व समितीच्या सर्व सदस्यांना आपले व्यक्तिमत्त्व आवडले. तथापि, एकाहून एक सरस उमेदवार असल्याने निवड करणे समितीला फार कठीण गेले. आपला वसुलीचा अनुभव थोडा कमी पडल्याने आपली निवड होऊ शकली नाही, याचा आम्हांस अत्यंत खेद वाटतो. भविष्यात जागा रिक्त झाल्यास आपला प्राधान्याने विचार केला जाईल. काही शंका असल्यास निःसंकोच संपर्क साधावा.

उमेदवार हे पत्र कसे वाचेल, ते क्रमाने पाहावे. पहिले वाक्य स्तुती करते, त्यामुळे तिसऱ्या ओळीपर्यंत तो निवड झाली असेच समजत राहतो आणि मग पायाखालचा जिना सरकतो. ‘सर्व सदस्यांना आवडले’ असे लिहिल्यावर, सर्वांना आवडलो तर नाकारले कोणी, हा प्रश्न तो एखाद्या संचालकांना लग्नाच्या मांडवात गाठून विचारणार, हे नक्की. ‘निवड करणे कठीण गेले’ या शब्दांतून निकाल काठावरचा होता असा अर्थ निघतो, आणि काठावरचा निकाल फिरवता येतो असे आपल्याकडे सगळेच मानतात. अनुभवाचे वाक्य सर्वांत घातक आहे, कारण जाहिरातीत पाच वर्षांचा अनुभव मागितलेला होता आणि या उमेदवाराचा आठ वर्षांचा होता. प्राधान्याचे वाक्य हे लेखी आश्वासन आहे आणि ते देण्याचा अधिकार पत्र लिहिणाऱ्याला नव्हता. शेवटचे वाक्य तर वादाला पाट मांडून बसायला बोलावते.

आता तेच पत्र असे लिहिता येते.

> विषय : शाखा व्यवस्थापक पदाच्या निवडीबाबतचा निर्णय
>
> श्री. …… यांस,
> सप्रेम नमस्कार.
>
> शाखा व्यवस्थापक पदासाठी निवड समितीने दुसऱ्या उमेदवाराची निवड केली असून त्यांनी नियुक्ती स्वीकारली आहे. त्यामुळे आपल्या अर्जावरील प्रक्रिया येथे पूर्ण होत आहे. लेखी चाचणी आणि दोन्ही मुलाखतींसाठी आपण वेळ काढून मुख्य कार्यालयात आलात, तसेच अंतिम मुलाखतीसाठी वसुलीविषयीचे टिपण तयार करून आणलेत, त्याबद्दल संस्था आपली आभारी आहे. आपण दिलेले मूळ अनुभव प्रमाणपत्र कार्यालयीन वेळेत परत घेता येईल, अथवा आपण कळविल्यास नोंदणीकृत टपालाने पाठविले जाईल.
>
> आपला,
> (नाव), मुख्य कार्यकारी अधिकारी

निर्णय पहिल्याच वाक्यात आहे आणि तो निवड समितीने काय केले याविषयी आहे. उमेदवार कसा आहे याविषयी त्यात एक शब्दही नाही. आभाराचे वाक्य त्याने प्रत्यक्ष केलेल्या कामाचे नाव घेते, त्यामुळे ते पत्र त्याच्यासाठीच लिहिले आहे हे त्याला कळते. मात्र त्या कामाचा दर्जा काय होता, हे वाक्य सांगत नाही. ‘उत्कृष्ट टिपण’ असा एक शब्द जरी वाढवला, तरी ‘टिपण उत्कृष्ट होते, मग कमी काय पडले?’ असे उत्तर येण्याची सोय होते. चौथे वाक्य व्यवहाराचे आहे. मूळ कागद ठेवून घेतला नसेल, तर ते वाक्यही गाळावे.

‘आपली निवड होऊ शकली नाही’ हे तर सगळेच लिहितात. त्यात चूक काय?

व्याकरणाची चूक काहीच नाही. परंतु ‘होऊ शकली नाही’ म्हटले की निवड व्हायची होती आणि मध्ये काहीतरी आडवे आले, असा भास मराठी वाचकाला होतो. ते आडवे आलेले काय होते, हे विचारण्याचा त्याला मग हक्कच वाटतो, आणि तालुक्याच्या गावात त्याचे उत्तर शोधायला वेळ लागत नाही : संचालकांचा भाचा, पंचायत समितीतला फोन, अमुक गट. निर्णय संस्थेने घेतला असेल तर क्रियापदानेही तो संस्थेकडे ठेवावा. ‘समितीने दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे’ हे वाक्य कोणामागे लपत नाही, आणि ऐकायला ते अपेक्षेपेक्षा सौम्यही लागते.

‘तूर्त’, ‘सध्या’, ‘या टप्प्यावर’ हे शब्दही असेच सवयीने येतात. लिहिणाऱ्याला त्यांतून मऊपणा आणायचा असतो, वाचणाऱ्याला मात्र त्यांतून मुदत दिसते. एका उमेदवाराने ‘तूर्त’ या एका शब्दावर विसंबून दुसरीकडची नोकरी तीन आठवडे लांबवली होती, हे मी स्वतः पाहिले आहे. ते पत्र मीच लिहिले होते.

खेद व्यक्त करावा की नाही?

एकदा, साध्या शब्दांत केला तर बिघडत नाही. ‘हे कळविताना खेद होतो’ एवढे पुरे. ‘अत्यंत खेद’, ‘मनःपूर्वक दिलगिरी’, ‘क्षमस्व’ असे लिहू नये, कारण दिलगिरी चुकीबद्दल असते आणि निवड करणे ही चूक नव्हे. वरच्या नमुन्यात मी खेदाचे वाक्य घातलेले नाही, तो माझ्या आवडीचा भाग समजावा.

नकाराचे कारण द्यावे का?

पत्रात देऊ नये. याचे एक कारण असे की अंतिम फेरीतला निर्णय सहसा एका कारणाने होत नाही. तीनही उमेदवारांना पतपुरवठ्याची माहिती होती, तिघांनीही शाखा सांभाळलेली होती, आणि समितीतील चौघांनी चार वेगवेगळ्या गोष्टी तोलून एकाकडे कौल दिला. त्या चर्चेतले एक कारण उचलून पत्रात लिहिले की ते अर्धसत्य होते, आणि अर्धसत्याला विरुद्ध पुरावा नेहमी सापडतो. वरच्या मसुद्यातले ‘वसुलीचा अनुभव कमी पडला’ हे वाक्य घ्या. उमेदवार त्याला उत्तर म्हणून मागच्या संस्थेतले वसुलीचे आकडे पाठवील, ते आकडे कदाचित निवड झालेल्या उमेदवारापेक्षा चांगलेही असतील, आणि मग संस्थेला आपल्याच वाक्याचा बचाव करत बसावे लागेल.

दुसरे असे की कारण लिहिताना माणूस बोलीतले शब्द वापरून बसतो. ‘समितीला तरुण उमेदवार हवा होता’, ‘घरची जबाबदारी पाहता बदली जमली नसती’, ‘स्थानिक उमेदवाराला पसंती देण्यात आली’ ही वाक्ये मी मसुद्यांत वाचलेली आहेत. त्यांतले दुसरे वाक्य एका महिला उमेदवाराला जाणार होते. भरतीत स्त्री-पुरुष भेद करण्यास १९७६ च्या समान वेतन अधिनियमाने मनाई केली होती, आणि त्या अधिनियमाची जागा घेणाऱ्या २०१९ च्या वेतन संहितेतही ती तरतूद आहे. तृतीयपंथी व्यक्तींबाबत २०१९ चा आणि एचआयव्हीबाधितांबाबत २०१७ चा स्वतंत्र कायदा नोकरीतला भेदभाव रोखतो. तेव्हा असे वाक्य मसुद्यात आलेच, तर ते खोडून पत्र पाठवणे पुरेसे नाही, कारण तेथे दोष पत्रात नसून निर्णयात असू शकतो. अशा वेळी पत्र थांबवून समितीच्या अध्यक्षांना विचारावे की निवड खरोखर याच कारणाने झाली का. संक्षिप्त पत्र हे योग्य प्रक्रियेचे शेवटचे पान आहे, अयोग्य प्रक्रियेवर ओढायची चादर म्हणून त्याचा उपयोग करू नये.

मग कारणांची नोंद कोठेच ठेवायची नाही का?

ठेवायची, आणि त्याच दिवशी ठेवायची. मुलाखतीचा गुणतक्ता सदस्यांनी सही करून त्याच संध्याकाळी पाकिटात घालावा. आठ दिवसांनी आठवून भरलेला तक्ता कोणालाही ओळखता येतो : सगळीकडे एकाच शाईचे पेन आणि सगळ्यांचे गुण पाचच्या पटीत.

येथे माहिती अधिकाराचा प्रश्न हमखास निघतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये केरळमधील थलप्पलम सेवा सहकारी बँकेच्या प्रकरणात असे ठरवले की शासनाची मालकी, भरीव अर्थसाहाय्य किंवा खोलवरचे नियंत्रण नसलेली सहकारी संस्था माहिती अधिकार कायद्याखालील ‘सार्वजनिक प्राधिकरण’ नाही. मात्र निबंधक हे सार्वजनिक प्राधिकरण आहेत आणि कायद्याने जी माहिती त्यांना संस्थेकडून मागवता येते, ती त्यांच्यामार्फत मागितली जाऊ शकते. म्हणून आतली नोंदही अशी असावी की उद्या ती बाहेर वाचली गेली तरी पत्राशी विसंगत दिसू नये आणि लिहिणाऱ्याला लाज वाटू नये.

पत्र केव्हा पाठवावे? निवड झालेल्या उमेदवाराने होकार देईपर्यंत थांबावे का?

हा प्रश्न सर्वांत अवघड आहे, आणि याचे उत्तर दोन्ही उमेदवारांसाठी सारखे नाही.

आपल्या प्रसंगात अंतिम मुलाखती शनिवारी झाल्या. सोमवारी समितीने नाव निश्चित केले आणि त्याच दिवशी निवड झालेल्या उमेदवाराला नियुक्तीचा देकार गेला, ज्यात शुक्रवारपर्यंत लेखी स्वीकृती मागितली होती. तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराबाबत समितीने असे नोंदवले होते की पहिल्या दोघांनी नकार दिला तरी जाहिरात पुन्हा द्यावी. अशा उमेदवाराला थांबवून ठेवण्यात कोणाचाच लाभ नाही, त्याचे पत्र मंगळवारीच जावे. मात्र त्या पत्रात ‘त्यांनी नियुक्ती स्वीकारली आहे’ हे शब्द घालू नयेत, कारण मंगळवारी ते खरे नाही. ‘समितीने दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे’ एवढेच लिहावे.

दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार मात्र समितीला चालणारा होता. पहिल्याने शुक्रवारी नकार दिला तर देकार त्याला जाणार होता, म्हणून त्याचे पत्र शुक्रवारपर्यंत थांबवणे योग्य आहे. परंतु त्याला मुलाखतीच्या वेळी ‘बुधवारपर्यंत कळवू’ असे सांगितले असेल, तर बुधवारी एक ओळ गेलीच पाहिजे : ‘निवड प्रक्रिया अद्याप पूर्ण झालेली नाही, शनिवारपर्यंत आपणांस निर्णय कळविण्यात येईल.’ ही ओळ खरी आहे आणि ती कोणतीही आशा विकत नाही. ‘आपण प्रतीक्षा यादीत आहात’ असे लिहू नये. प्रतीक्षा यादी हा शब्द शासकीय भरतीतून लोकांच्या परिचयाचा आहे, तेथे त्या यादीला क्रमांक आणि मुदत असते, आणि तोच हिशेब उमेदवार येथेही लावतो.

शुक्रवारी लेखी होकार आला की शनिवारी सकाळी दुसऱ्याचे पत्र जावे. निवड झालेला माणूस प्रत्यक्ष रुजू होईपर्यंत थांबू नये. त्याला सध्याच्या नोकरीत महिनाभराची सूचना द्यावी लागते, कोठे कोठे ती तीन महिन्यांचीही असते. तोवर दुसऱ्याला अंधारात ठेवले तर तो ती बातमी आपल्याकडून ऐकत नाही. निवड झालेल्या माणसाने पेढे वाटलेले असतात.

वेळेबद्दल एवढेच की पत्र कामाच्या दिवशी सकाळी जावे. वसुबारसेच्या संध्याकाळी किंवा गणपतीच्या आदल्या रात्री टेबल मोकळे करायचे म्हणून पाठवलेले पत्र घरभर वाचले जाते.

ईमेलच्या आधी फोन करावा का? व्हॉट्सअॅपवर कळवले तर?

फोन करणे सौजन्याचे आहे, असे पुष्कळ जण मानतात, आणि मला त्यांचे म्हणणे पूर्णपणे खोडून काढता येत नाही. तरीही अनुभव असा की फोनवर शांतता असह्य होते आणि ती भरून काढण्यासाठी आपण ठरवले नव्हते ते बोलून जातो. ‘खरे सांगू का, माझे मत तुमच्याच बाजूने होते’ हे वाक्य फोनवरच उच्चारले जाते, आणि ते दुसऱ्या दिवशी अध्यक्षांच्या कानावर जाते. म्हणून बाहेरच्या उमेदवाराला ईमेलच पाठवावा.

व्हॉट्सअॅपवर निर्णय लिहू नये. मात्र आपल्याकडे अनेक उमेदवार ईमेल आठवड्यातून एकदा उघडतात, तेव्हा ईमेल गेल्यानंतर ‘आपणांस आज ईमेल पाठविला आहे, कृपया पाहावा’ असा निरोप देण्यास हरकत नाही. त्यापुढे ‘निर्णय काय झाला साहेब?’ असा प्रश्न आला, तर ‘ईमेलमध्ये सविस्तर आहे’ असे लिहू नये, कारण तेथे सविस्तर काहीच नसते. ‘ईमेलमध्ये कळविले आहे’ एवढे पुरे.

संबोधन आणि मायना कसा असावा?

पुरुष उमेदवारांबाबत ‘श्री.’ पुरते. महिला उमेदवारांबाबत मात्र विचार करावा लागतो, कारण शासकीय पत्रव्यवहारात ‘श्रीमती’ सर्वांसाठी चालत असले तरी आपल्याकडे अनेक घरांत तो शब्द पती हयात नसलेल्या स्त्रीसाठीच वापरला जातो, आणि ‘सौ.’ किंवा ‘कु.’ लिहायचे तर वैवाहिक स्थितीचा अंदाज करावा लागतो, जो संस्थेचा विषयच नाही. उमेदवाराने अर्जावर स्वतःचे नाव जसे लिहिले असेल तसेच लिहावे, उपपद लावलेले नसेल तर पूर्ण नाव लिहून ‘यांस’ जोडावे. ‘स. न. वि. वि.’ हे जुने संक्षिप्त रूप आता कोरडे वाटते, ‘सप्रेम नमस्कार’ पूर्ण लिहिण्यास श्रम पडत नाहीत. ‘महोदय/महोदया’ असा तिरकी रेघ मारलेला मायना अंतिम फेरीतल्या माणसाला पाठवणे म्हणजे तीनदा भेटूनही त्याला न ओळखणे होय.

ईमेल पाठवताना कोणत्या चुका होतात?

पहिल्याचे पत्र उघडून त्यात नाव बदलून दुसऱ्याला पाठवणे, ही सर्वांत नेहमीची चूक आहे. वर नाव बदलले जाते आणि खाली आभाराच्या वाक्यात पहिल्याने आणलेले टिपण तसेच राहते. दोघांना एकाच ईमेलमध्ये घालणे ही त्याहून वाईट चूक, कारण मग एकाला दुसऱ्याचे नाव आणि पत्ता दोन्ही कळतात. प्रत्येकासाठी नवे पान उघडावे, मजकूर आधी लिहून घ्यावा आणि पत्ता सर्वांत शेवटी भरावा, म्हणजे अर्धवट पत्र चुकून जात नाही. पत्र मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावाने आणि त्यांच्याच पत्त्यावरून जावे. ‘उत्तर पाठवू नये’ असे लिहिलेल्या पत्त्यावरून ते कधीही जाऊ नये.

उमेदवाराने उत्तर लिहून कारण विचारले, तर?

एकदा उत्तर द्यावे, दोन दिवसांच्या आत द्यावे, आणि ते पहिल्या पत्रापेक्षा लांब नसावे. पुढील मजकूर मी वापरतो.

> आपला ईमेल मिळाला. निवड समितीतील चर्चा आणि इतर उमेदवारांची माहिती गोपनीय असल्याने निवडीच्या कारणांचा तपशील देता येत नाही. आपल्या लेखी चाचणीचे गुण हवे असल्यास ते कळविता येतील. या पदाबाबतचा निर्णय अंतिम आहे.

‘निर्णय अंतिम आहे’ हे वाक्य पहिल्या पत्रात दरडावल्यासारखे वाटते, म्हणून ते येथे ठेवले आहे, जेथे प्रश्न प्रत्यक्ष विचारला गेलेला असतो. लेखी चाचणीचे गुण देण्याबाबत काही संचालक कुरकुर करतात. माझे मत असे की उत्तरपत्रिका त्याची आहे, गुण मोजून दिलेले आहेत, आणि पुष्कळांना खरोखर एवढेच हवे असते. मुलाखतीचे गुण देऊ नयेत, कारण ते तुलनेतून आलेले असतात आणि तुलना सांगायची तर दुसऱ्याविषयी बोलावे लागते.

दुसऱ्यांदा तोच प्रश्न आला तर नवीन स्पष्टीकरण लिहू नये, प्रत्येक नव्या शब्दाबरोबर नवा मुद्दा निघतो. परंतु दुसऱ्या ईमेलमध्ये प्रश्न नसून तक्रार असेल, उदाहरणार्थ मुलाखतीत लग्नाविषयी किंवा मूल होण्याविषयी विचारणा झाली, किंवा एखाद्या सदस्याने पैशांची मागणी केली, तर तो वाद समजून गप्प बसू नये. तक्रार मिळाल्याची पोच द्यावी, ती अध्यक्षांकडे लेखी पाठवावी आणि चौकशी होईपर्यंत गुणतक्त्याचे पाकीट उघडू नये.

संस्थेतलाच कर्मचारी उमेदवार असेल तर?

तेथे वरचा फोनविषयीचा नियम उलटा होतो. आपल्याच शाखेतल्या रोखपालाने अर्ज केला होता आणि निवड बाहेरच्याची झाली, तर त्याला ती गोष्ट मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी दार लावून, समोर बसवून सांगावी आणि ईमेल त्यानंतर तासाभरात पाठवावा. सोमवारी तो ज्या माणसाच्या हाताखाली काम करणार आहे त्याचे नाव त्याला त्याच बैठकीत कळले पाहिजे. ईमेलमध्ये मात्र त्याच्या सध्याच्या कामाविषयी, वेतनवाढीविषयी किंवा पुढच्या बढतीविषयी काहीही लिहू नये, तो वेगळा विषय आहे आणि वेगळ्या दिवशी बोलावा.

‘पुढे संधी आल्यास कळवू’ असे लिहावे का?

खरे असेल तरच, आणि तेव्हाही आश्वासन न देता. ‘संस्थेच्या पुढील जाहिरातीस आपण अर्ज करू शकता’ असे लिहिता येते. तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला हे लिहू नये, कारण समितीला तो नको आहे आणि पुढच्या वेळी तो याच पत्राची प्रत जोडून येईल. ‘आपला अर्ज जतन केला आहे’ असे लिहायचे असेल, तर तो किती महिने ठेवणार हेही लिहावे लागते आणि मुदत संपल्यावर कागदपत्रांच्या प्रती नष्टही कराव्या लागतात. ज्या कार्यालयात २००९ चे अर्ज अजून माळ्यावर आहेत, तेथे हे वाक्य न लिहिलेले बरे.

पत्र गेल्यानंतर निवड झालेला उमेदवार रुजूच झाला नाही, तर दुसऱ्याला पुन्हा विचारता येते का?

येते, आणि असे पुष्कळदा घडते, कारण सध्याची संस्था राजीनामा हाती पडताच पगार वाढवून देते. आपल्या प्रसंगात तसेच झाले असे समजा : शुक्रवारी लेखी होकार देणाऱ्या उमेदवाराने विसाव्या दिवशी ‘घरगुती अडचणीमुळे’ असे कळवले. आता दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला फोन करायचा आहे, आणि येथे फोनच करावा. त्याच्या हातात ‘वसुलीचा अनुभव कमी पडला’ असे लिहिलेले पत्र असते, तर वीस दिवसांत तो अनुभव कसा वाढला हे सांगताना आपली जीभ जड झाली असती. त्याच्या हातात मात्र एवढेच आहे की दुसऱ्याची निवड झाली होती आणि त्याने ती स्वीकारली होती, आणि दोन्ही गोष्टी त्या दिवशी खऱ्या होत्या. म्हणून सरळ सांगावे : ‘निवड झालेले उमेदवार रुजू होत नाहीत. समितीने हे पद आता आपणांस देऊ केले आहे. आपण अद्याप इच्छुक आहात का?’ तो विचार करायला दोन दिवस मागेल, ते द्यावेत. पगारावर थोडी घासाघीसही करील, आणि या वेळी त्याची बाजू भक्कम आहे हे अध्यक्षांना आधीच सांगून ठेवावे.